सोमवारचा दहाचा चौकोन

अठरा वर्षं मी लोकांना नोकऱ्या दिल्या. म्हणजे देणारी कंपनी, मी आपली अर्ज चाळायचे, मुलाखती घ्यायचे आणि शेवटी गोड हसून "कळवते हं" म्हणायचे. मग एका दुपारी कंपनीने आमचा भरतीचा विभागच बंद केला, आणि मी टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत आले. आठ महिन्यांत दोनशे बारा अर्ज केले. त्यातल्या एकोणतीस जणांनी नकार कळवला, चौघांनी बोलावलं. बाकीच्यांना माझा अर्ज मिळाला की वाटेत उंदरांनी खाल्ला, देव जाणे.

चौथी मुलाखत फोनवर होती, रंगाच्या कारखान्याची. त्या आठवड्यात मी एकतीस अर्ज टाकले होते, झोप म्हणाल तर नावाला. त्या बाईंनी विचारलं, "आमच्याकडेच का यावंसं वाटतं?" आणि मी घडाघडा बोलत सुटले, "तुमच्या हॉस्पिटलचं नाव मी कायम ऐकत आलेय." मग त्या हळूच म्हणाल्या, "आम्ही रंग बनवतो." असले उमेदवार यायचे ना, तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या नकला करायचे. चाळीस मिनिटांत नकार आला. आठ महिन्यांतलं सगळ्यात झटपट उत्तर!

त्यानंतर दोन दिवस मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून होते. लॅपटॉप उघडायचे आणि पुन्हा मिटायचे. नवऱ्याने चहा पुढे ठेवला, उचलला, पुन्हा गरम करून ठेवला. मी त्याला सांगून टाकलं, "माझ्याने आता होत नाही. मी सोडलं." त्या बिचाऱ्याने गुपचूप बहिणीला फोन केला.

माझी नणंद फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली माणसं दुसऱ्या दिवशी जिने चढायला धावतात आणि तिच्या शिव्या खातात. आली ती तासांचे चौकोन आखलेला कागद घेऊनच.

"वहिनी, दिवसाला किती तास शोधता नोकरी?"

"डोळे उघडे असतात तितके."

"आणि मेल किती वेळा बघता?"

तिने माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं. मी तेव्हाही बघतच होते.

"दमल्यावर थांबायचं नसतं," ती म्हणाली. "दमायच्या आधी थांबायचं. माझ्या पेशंटला दहा पावलं सांगितली की दहाच. अकरावं टाकलं की दुसऱ्या दिवशी पाय सुजतो आणि मग चार दिवस काहीच नाही. तुमचंही तेच झालंय. सहा आठवडे मला द्या. मग खुशाल सोडा, मी 'का' म्हणून विचारणार नाही."

बसून आम्ही कागद भरला. रोज सकाळी साडेनऊ ते साडेबारा, नंतर लॅपटॉप बंद म्हणजे बंद. आठवड्याला अर्ज फक्त पाच. सोमवारी जाहिराती वाचून ते पाच निवडायचे, मंगळवार-बुधवार प्रत्येकासाठी वेगळा अर्ज लिहायचा, गुरुवारी ओळखीच्या दोन माणसांशी बोलायचं, नोकरी मागायला नाही, नुसतं काय चाललंय ते विचारायला. मेल दोनदाच बघायची, अकराला आणि चारला. शुक्रवारी तासभर आढावा. अर्जाला तीन आठवडे झाले, एकदा आठवणही करून दिली आणि तरी उत्तर नाही, तर अर्जांच्या यादीतली ती ओळ करडी करायची. ती जागा आपल्यापुरती मिटली. शनिवार-रविवार नोकरीचा विषय घरात काढायचा नाही. आणि आठवडा कसा गेला हे उत्तरं किती आली यावर नाही मोजायचं, ठरवलेलं केलं की नाही एवढंच बघायचं. उत्तर देणं काही माझ्या हातात नाही.

हे सगळं मला नवीन नव्हतं बरं का. कंपनीच्या वतीने कॉलेजांत जाऊन असलीच भाषणं मी द्यायचे.

पहिल्या सोमवारी साडेनऊला बसले. दहा वाजले आणि मांडीजवळ फोन थरथरला. हात लावून बघते तर खिसा रिकामा. फोन बाहेरच्या खोलीत, कपाटावर, नणंदेनेच तो तिथे ठेवायला लावला होता. गेले, बघितलं. कुणाचा फोन आलेला नव्हता.

मला मात्र कळलं कुणाचा होता.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे स्टोअरकीपरची एक जागा निघाली होती. एका माणसाची मुलाखत मी घेतली, पन्नाशीचा, इस्त्रीचा पण कॉलर विरलेला शर्ट. माणूस चांगला होता. आठवड्याभरात साहेबांनी ती जागा गोठवली. गोठवली म्हणजे हो म्हणायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही, लोकांना नुसतं ताटकळत ठेवायचं. आणि हा माणूस दर सोमवारी दहाच्या ठोक्याला फोन करायचा. "नमस्कार मॅडम, काही कळलं का?" पहिल्या दोन-तीन वेळा काहीतरी थातुरमातुर सांगितलं. मग त्याचा नंबर मी "उचलू नको" या नावाने ठेवून दिला. दहा वाजले की माझ्या टेबलावर फोन थरथरायचा, पडद्यावर "उचलू नको", आणि मी कागद चाळत तो थांबायची वाट बघायचे. पाच महिने, बावीस सोमवार. शेजारच्या टेबलावरची म्हणायची, "आला गं तुझा दहाचा गजर!" आणि आम्ही हसायचो.

तेविसाव्या सोमवारी तो वाजला नाही. सुटले एकदाची, असं वाटलं मला. खोटं कशाला बोलू?

त्या माणसाचं पुढे काय झालं, हे तीन वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं. आता दुसरं काही मनात येईना. माणूस असा अचानक का थांबतो? मंगळवारी अर्ज लिहायला बसले तर "आपली विश्वासू"च्या पुढे हात थांबला. बुधवारी अर्ज जेमतेम दोन झाले. शुक्रवारी न आलेल्या उत्तरांच्या ओळी करड्या करताना प्रत्येक ओळीमागे कुणीतरी माझ्यासारखीच बाई दिसायची, फोनकडे बघत, तो थांबायची वाट बघत.

दुसऱ्या सोमवारी फोन बंद करून कपाटात कुलूपबंद केला. दहाला थरथरला. तिसऱ्या सोमवारी साडेनऊला मी टेबलाशी बसलेच नाही, बाजारात गेले. भाजीवाल्यासमोर उभी होते, हातात पिशवी. थरथरला. मी "उचलत नाही जा!" असं मोठ्याने बोलले आणि भाजीवाल्याने भेंड्या परत टोपलीत ठेवल्या.

नणंद शनिवारी आली, कागद बघितला. तीन सोमवार दहाच्या चौकोनापासून पुढे कोरे, त्यांच्यामागे मंगळवार-बुधवार ढेपाळलेले. ती ओरडेल असं वाटलं होतं.

"सोमवारी दहाला काय दुखतं, वहिनी?"

मग मी सांगितलं. रडत सांगितलं. आठ महिन्यांत नकार आले तेव्हा रडले नव्हते इतकी रडले. "तो मेला असेल गं," मी म्हटलं. "त्याने काही करून घेतलं असेल. आणि मला फक्त एक ओळ लिहायची होती."

तिने कागद जवळ ओढला. मग पेन घेऊन सोमवारच्या दहाच्या चौकोनात तिने लिहिलं, "फोन करणे". म्हणाली, "दुखरा पाय टाळून चालायला लागलं की कंबर जाते. नाही केलात तर हा कागद फाडून टाका, मी पुन्हा येणार नाही."

सोमवारी साडेनऊला बसले. दोन जाहिराती वाचल्या, एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. दहाला पाच कमी असताना फोन हातात घेतला आणि यादीत "उचलू नको" शोधलं. बरोबर दहाला लावला. घंटा वाजत राहिली. चौथ्या घंटेला मी मनात म्हटलं, नको उचलूस बाबा, मी त्याच लायकीची आहे.

"नमस्कार," तो म्हणाला.

तोच आवाज. मी माझं नाव सांगितलं, कंपनीचं सांगितलं. तिकडून घंटेचा आणि मुलांच्या गलक्याचा आवाज आला, मग दार लोटल्यासारखं झालं आणि सगळं शांत.

"बोला मॅडम."

"तुमची... त्या जागेवर तुमची निवड झाली नाही," मी म्हटलं. "कुणाचीच झाली नाही. जागा गोठवली होती. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. चुकले मी."

मला वाटलं ठेवला फोन.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "कळलं."

"तुम्ही दर सोमवारी फोन करायचात, बरोबर दहाला, आणि मी..."

"तुम्हीच सांगितलं होतं ना," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मुलाखत संपल्यावर. 'सोमवारी दहा वाजता फोन करा, कळवते.' कुठल्या सोमवारी, ते तुम्ही सांगितलं नव्हतं."

मला ते आठवत नव्हतं. पण मी म्हटलं असणार. मी सगळ्यांनाच म्हणायचे.

"मग थांबलात का?"

"बायकोने थांबवलं. तुम्हाला फोन केला की मंगळवार, बुधवार माझ्या हातून काही व्हायचं नाही. दुसरीकडे अर्जसुद्धा लिहून व्हायचा नाही. ती म्हणाली, ती एक जागा तुमचा अख्खा आठवडा खातेय. माझ्या अर्जांच्या वहीतून तुमच्या कंपनीचं पान फाडलं तिने. पुढे वर्षभराने ही शाळा मिळाली, शिपाई म्हणून. स्टोअरची किल्लीपण माझ्याकडेच असते."

मी फोन कानाला दाबून धरला होता. जगला होता माणूस. आमच्या यादीतून मी त्याला कधी काढलंच नाही, पण त्याच्या बायकोने मला काढलं, म्हणून जगला.

"मी तुमचा नंबर..." मी म्हटलं आणि थांबले. "तुमचं नाव सांगाल का? माझ्याकडे लिहिलेलं नाही."

त्याने सांगितलं. मी कागदावर लिहून घेतलं, दहाच्या चौकोनात, "फोन करणे"च्या खाली. बावीस सोमवार फोन केलेल्या माणसाचं नाव.

"आणि मॅडम, तुम्ही कुठे असता आता?"

"कुठेच नाही. नऊ महिने होत आले. शोधतेय."

"अरेरे," तो म्हणाला, अगदी मनापासून. पुन्हा घंटा झाली, त्याला जायचं होतं हे मला कळत होतं, तरी तो थांबला. आणि मग तेच विचारलं त्याने, त्याच सुरात, जे विचारायला बावीस सोमवार फोन केला होता.

"काही कळलं का?"

"नाही हो," मी म्हटलं. "अजून कुणीच काही कळवलं नाही."