सतरावा ढीग

माझ्या दुसऱ्या पानावर, डाव्या कोपऱ्यात, पहिल्या रेघेच्या सुरुवातीला शाईचा एक ठिपका आहे. ज्वारीच्या दाण्याएवढा. मध्ये गडद, कडेला फिकट निळा. त्याची खूण पुढच्या दोन पानांवर उतरलेली. पेनाचं टोक कागदाला टेकलं आणि पुढे न सरकता टेकूनच राहिलं, की असा ठिपका पडतो. लिहिणाऱ्याला अंगणातून हाक आली होती.

मित्रांनो, तो पडला तेव्हा मी दोनशे पानांची कोरी करकरीत वही होते. आज माझा पुठ्ठा कसरीने खाल्ला आहे आणि पानं हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखी पिवळी झाली आहेत.

सत्त्याहत्तर सालच्या जून महिन्यात कौतिक नावाच्या मुलाने मला चोपड्याच्या बाजारातून आणलं. तो बारावी शास्त्र पास झाला होता आणि जळगावच्या कॉलेजात बी.एस्सी.ला जाणार होता. पहिल्या पानावर त्याने नाव आणि वर्ग लिहिला. दुसरं पान उघडून पेन टेकवलं, तोच वडिलांनी हाक मारली. गावच्या शाळेत प्रयोगशाळेची झाडलोट आणि मांडामांड करायला माणूस हवा होता. हेडमास्तरांशी बोलणं झालं होतं. कौतिकला कोणी काही विचारलं नाही आणि तोही काही बोलला नाही. तो परत आला, पेनाला टोपण लावलं आणि मला मिटून पेटीत ठेवलं.

पुढची एकोणचाळीस वर्षं त्याने परीक्षानळ्या धुतल्या, तराजूची वजनं पुसली, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. दर दिवाळीला तो मला पेटीतून काढायचा, झटकायचा, पुठ्ठ्यावरून हात फिरवायचा आणि ताजा कडुलिंब घालून परत ठेवायचा. याला जपणं म्हणतात, असं मीही तेव्हा समजत होते.

यंदाच्या जानेवारीत पेटी भर दुपारी उघडली. कौतिकला आता घरात आणि गावात सगळे आबा म्हणतात. त्यांच्यासमोर त्यांचा नातू समाधान बसला होता. बारावीच्या पूर्व परीक्षेत त्याला फिजिक्समध्ये सत्तरपैकी एकोणीस मार्क मिळाले होते. बोर्डाच्या पेपरला पाच आठवडे उरले होते. त्याचे वडील प्रेमराज जळगावला पाइपच्या कारखान्यात कामाला. ते आठवडाभर तिकडेच राहत आणि रविवारी घरी येत. पोराने इंजिनिअर व्हावं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"तुन्हं लिखेल कोठे शे?" आबांनी विचारलं.

समाधानने दप्तर उलटं केलं. क्लासच्या छापील कागदांच्या पाठी, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, वहीची फाटकी पानं, बियाण्याच्या पाकिटावरची दोन सूत्रं.

"आन् हाई?" आबांनी त्याचा तळहात धरला. तिथेही निळी आकडेमोड होती.

"ते काल्हनं शे."

"मंग हात धुवाना आधी उतारी ले," आबा म्हणाले. समाधान बऱ्याच दिवसांनी हसला.

आबांनी आधी पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका उघडली. सोळा धडे. ओट्यावर छपराच्या कवेलूचे सोळा तुकडे मांडले, प्रत्येकावर खडूने धड्याचा नंबर घातला. समाधानने एकेक कागद वाचायचा, कोपऱ्यात पेन्सिलने धड्याचा नंबर आणि आठवली तर तारीख लिहायची, मग तो त्या कवेलूखाली सरकवायचा. मोबाइलमधले फळ्याचे फोटोही सोडले नाहीत. प्रत्येकाची एका ओळीची चिठ्ठी केली. जागा ठरल्याशिवाय एकही कागद टाकायचा नाही, हा आबांचा नियम. प्रयोगशाळेतही ते चिठ्ठी नसलेली बाटली ओतून देत नसत.

काही कागद कुठल्याच धड्यात बसेनात. पाण्याच्या मोटारीच्या खाचांत घालतात तसल्या कडक पिवळ्या कागदाचे तुकडे होते ते, आणि त्यावर आकडे. आबांनी एक उचलला, पाहिला, आणि सगळे मिळून आणखी एका कवेलूखाली सतरावा ढीग केला.

"हाई मांगून देखसूत," ते म्हणाले. नंतर पाहू. तो शब्द मला दर दिवाळीपासून ओळखीचा होता.

मग आबांनी मला उघडलं. जेल पेनाची शाई माझ्या जुन्या कागदात फुटत होती, म्हणून त्यांनी बॉलपेन आणलं. आणि इथे त्यांची चूक झाली. एकोणचाळीस वर्षं त्यांनी मुलांची जर्नलं पाहिली होती. अक्षर सुंदर, समास सरळ, आकृती पेन्सिलची असली की मास्तर सही करत. म्हणून त्यांनी समाधानला सगळं सुवाच्य उतरवायला लावलं. तीन दिवसांत सात पानं झाली. शीर्षकं लाल, चौकटी हिरव्या. मित्रांनो, खरं सांगते, मी फुलून गेले होते. सत्तेचाळीस वर्षांनी माझ्यावर कोणी इतकं नीट लिहीत होतं.

चौथ्या दिवशी आबांनी पानावर हात ठेवला. "आते सांग. चाक फिरे तवय जडत्व कसावर अवलंबून ऱ्हास?"

समाधानने आढ्याकडे पाहिलं. "आबा, लिखेल शे ना मी."

"लिखेल शे ते मले दिसस. तुले काय येस?"

त्याला काही येत नव्हतं. दुसरा प्रश्न, तिसरा प्रश्न, तेच. हात लिहीत होता आणि डोकं दुसरीकडेच होतं. आबांनी सातही पानांवर कोपऱ्यातून कोपऱ्यात एकेक रेघ ओढली. मला लागलं.

पुन्हा सुरुवात केली, वेगळ्या रीतीने. अनुक्रमणिकेसाठी एक पान कोरं सोडलं आणि पानांना नंबर घातले. प्रत्येक धड्याला समोरासमोरची दोन पानं. उजव्या पानावर डावीकडे तीन बोटं जागा सोडून उभी रेघ. आधी ढिगातले कागद वाचायचे, पालथे घालायचे, आणि रेघेच्या उजवीकडे जेवढं आठवतं तेवढंच आपल्या शब्दांत लिहायचं. मग कागद उघडून राहिलेलं भरायचं. सूत्राखाली प्रत्येक अक्षराचा अर्थ, एकक आणि एक सोडवलेलं उदाहरण. रेघेच्या डावीकडे फक्त प्रश्न. तळाशी चार ओळींत धड्याचं सार. डावं पान कोरं. ते पुढे होणाऱ्या चुकांसाठी. दोन कागद एकमेकांशी भांडले तर पाठ्यपुस्तक न्याय करील. तोवर पेन्सिल, शाई नाही. दोलकाच्या सूत्रात एका कागदावर वर्गमूळ होतं, दुसऱ्यावर नव्हतं. पुस्तक पाहून दुसरा खोडला.

पान झालं की लग्नपत्रिकेच्या जाड पट्टीने उत्तरं झाकायची आणि प्रश्न वाचून मोठ्याने सांगायचं. चुकलं की प्रश्नाशेजारी ठिपका. वरच्या कोपऱ्यात चार तारखा: आजची, तिसऱ्या दिवसाची, आठव्या, पंधराव्या. त्या त्या दिवशी पूर्ण पान वाचायचं नाही, आधी झाकून सांगायचं. तीन ठिपके पडले तर सरांना विचारायचं. काही पानं गोवर उठल्यासारखी दिसू लागली. तरी दुसऱ्या फेरीत ठिपके कमी पडले, तिसऱ्या फेरीत आणखी कमी. या पानांना रंग नव्हता, पण आता ती त्याच्या डोक्यातही होती.

मग बारावा धडा आला, इंडक्शनचा. आबांनी पट्टी ठेवली आणि समाधान एकदम सुरू झाला. तारेच्या वेढ्यांच्या गुंडीतून जाणारं चुंबकत्व बदललं की तिच्यात विजेचा दाब उभा राहतो. वेढे वाढवले की दाब वाढतो. आणि होणारा प्रवाह त्या बदलालाच आडवा जातो, म्हणून सूत्रात उणे चिन्ह. हात हवेत गुंडी भरत होते. एकही ठिपका पडला नाही.

"हाई कोठे शिकना?"

समाधानने सतराव्या ढिगाकडे बोट केलं.

आबांनी कवेलू उचललं. ते एकेक तुकडा वाचू लागले. तीन एचपीची मोटार, चोवीस खाचा, एका गुंडीला बावन्न वेढे, तारेचा गेज, जळण्याचं कारण. प्रत्येकावर तारीख. प्रत्येकावर आकृती, टोकांना नंबर. बसस्टँडजवळ झुलाल मिस्त्रीचं मोटारी भरण्याचं, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळण्याचं, दुकान आहे. केळीच्या बागांवरच्या जळालेल्या मोटारी तिथे येतात. क्लास सुटला की समाधान तिथे बसायचा. तुकडे त्र्याऐंशी निघाले. सगळ्यांत मोठा ढीग तोच होता, आणि नीट लिहिलेला एकमेव ढीगही तोच.

"आबा," समाधान खाली पाहत म्हणाला, "दहावी व्हयनी तवय मी तुमले सांगेल व्हतं. मले आयटीआयले जानं शे."

"हा."

"तुम्ही म्हने पप्पाले सांगसु."

आयटीआयला दहावी पुरते. आबांनी तेव्हा तोंड उघडलं असतं, तर पोराचं शिक्षण एव्हाना पुरं होत आलं असतं. त्याऐवजी पोराने दोन वर्षं न समजणारं फळ्यावरून उतरवलं, आणि आबा रोज संध्याकाळी कौतुकाने विचारत राहिले, आज काय शिकवलं? त्यांनी का सांगितलं नाही, ते मला माहीत होतं. माझ्या पहिल्या पानावर ते लिहिलेलं आहे.

मित्रांनो, आम्हा वह्यांना पेटीत ठेवू नका. कडुलिंबाने कसर थोडी लांबते, कागद पिवळा व्हायचा तो होतोच. आणि माणसाचं मनातलं जपून ठेवलं तर त्याची कसर दुसऱ्याच्या पानांना लागते. आम्हाला लिहा, खोडा, ठिपक्यांनी भरा. मी हे सत्तेचाळीस वर्षं कोरी राहून शिकले.

रविवारी सकाळी प्रेमराज आले. चहाची कपबशी बाजूला सारून त्यांनी मला चाळलं. तारखा पाहिल्या, झाकायची पट्टी सरकवून पाहिली.

"काय वही शे! आबा, आते मले घोर नही. इंजिनिअरिंग पक्कं. समाधान, तुन्हा फोटो काढ रे, प्रवेश परीक्षाना फॉर्म आजच भरी टाकूत." त्यांनी मोबाइल काढला.

समाधानने आबांकडे पाहिलं नाही. तो माझ्याकडे पाहत होता. आबा माझ्या अनुक्रमणिकेच्या पानावर धड्यांपुढे पाननंबर घालत होते. सोळा ओळी झाल्या होत्या. सतराव्या ओळीवर पेन टेकलं आणि तसंच राहिलं.

"आबा, आधारना नंबर सांगा बरं याना," प्रेमराज म्हणाले.

या वेळी पेन पुढे सरकलं. आबांनी त्या ओळीवर लिहिलं: मोटार भरणी. मग टोपण न लावताच पेन खाली ठेवलं.

"प्रेमराज, तो फॉर्म भरू नको. समाधान बारावी देई, आन् मंग आयटीआयले जाई, इलेक्ट्रिशियनले. त्यानी दोन वरीस पहिले मले सांगेल व्हतं, तुले सांगाले. मन्हं बी.एस्सी. ऱ्हायी गयं, म्हनीसन मी सांगं नही."