तळाचा थर

काका गेल्यावर महिनाभर शेततळ्याकडे कोणी फिरकलंच नाही. वाळूच्या जमिनीत पाणी टिकावं म्हणून काका-काकूंनी तळाला चिकणमाती पसरून ती ओली करून पायांनी तुडवली होती. ती सुकू नये म्हणून काका तळ्यात वीतभर पाणी कायम राखायचे. काकूंना त्याचं भानच राहिलं नाही. पाणी आटलं, थराला भेगा पडल्या आणि पुन्हा भरलेलं तळं वाळूने चार दिवसांत पिऊन टाकलं.

आज प्लास्टिकचा कागद अंथरणारा आला होता.

“ही माती उकरून टाकावी लागेल ना?” काकूंनी कोरड्या आवाजात विचारलं.

“छे हो काकू! भेगा बुजवू, रोलर फिरवू. कागदाखाली अशी गादी विकतही मिळायची नाही. खडा तेवढा राहता कामा नये, पाण्याच्या भाराने कागद फाटतो.”

काकूंना बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. रडूही आलं नाही. चपला काढून त्या खाली उतरल्या आणि तळहाताने चाचपत खडे वेचू लागल्या.

“अहो, आमची माणसं आहेत की!”

“असू देत,” काकू म्हणाल्या. “तुडवताना मीच ह्यांना म्हणाले होते, राहिले चार खडे तर राहू द्या.”