पार्बताबाईचे उरलेले कडवे

महादेवाचे गाणे उतरवून घेण्याचे काम माझ्याकडे आले, कारण अमरावतीत तेव्हा रिकामा माणूस मीच होतो. त्या साली अमेरिकेत कुठेशी लढाई चालू होती आणि तिच्यामुळे आमच्या वऱ्हाडात कापूस सोन्याच्या भावाने जात होता. वकील कापसाचे बोलत, भटजी कापसाचे बोलत. मी म्हातारा पंतोजी. मला कापसातले एवढेच कळे, की तो पांढरा असतो.

माझा भाचा कमलाकांत मुंबईला एका शिळाछापखान्यात होता. त्याने लिहिले : "मामा, तुमच्याकडचे लोक सातपुड्यात महादेवाला जाताना जे लांबलचक गाणे म्हणतात, ते पाठवा. आठ पानी पुस्तक काढू. भाषा तेवढी शुद्ध करून घ्या." खाली आणखी एक ओळ होती : "वर तुमचे नाव घालू." ती मी किती वेळा वाचली, ते सांगत नाही.

हे काम मला जमेल असे वाटत नव्हते. तरी बोरू, शाईची दौत, हिंगुळाची लाल पुडी आणि कोऱ्या कागदांची एक वही घेऊन निघालो. मोडीत लिहिणे हाताला सोपे. पण मोडीत ऱ्हस्वदीर्घ कळत नाही आणि माणूस बोलला कसे ते तिथेच हरवते. म्हणून बाळबोधच लिहायचे ठरवले. 'मले' म्हटले तर 'मले'च लिहायचे, 'मला' नाही. शुद्ध करायचे ते मागाहून.

पहिले नत्थुजी, मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्याचे. सत्तरी उलटलेली, आवाज खणखणीत. मी म्हटले, "नत्थुजी, एक एक ओळ सांगा, मी लिहितो."

त्यांनी तोंड उघडले आणि मिटले. "मोरोपंत, असं नाही येत. मी म्हनीन, मागून कोनी झील धराले पायजे. मंग पुढची ओळ येते."

"कोण धरणार?"

"तुमी हा ना. अथी दुसरं कोन हाय? सारे कापूस येचाले गेले."

मी आयुष्यात गायलो नव्हतो. शाळेत प्रार्थनेलाही नुसते ओठ हलवीत असे. पण इलाज नव्हता. नत्थुजी ओळ म्हणत, मी ती घोगऱ्या आवाजात परत म्हणे आणि म्हणता म्हणता लिही. बाहेर बांधलेला गोऱ्हा दावे तोडून पळाला. नत्थुजी म्हणाले, "त्याले गान्यातलं समजते."

ते गाणे वाटेचे होते. कुठली नदी, कुठला घाट, कुठे मुक्काम. मध्येच वाटसरू विचारतो :

वाटंच्या वाटसरा, देव किती लांब
घाट उतरला मंग चांदीचा खांब

बार्शीटाकळीच्या पार्बताबाईंकडे हीच ओळ 'पान्याचा खांब' अशी निघाली. तिवशाच्या खुशालरावांकडे 'उजेडाचा खांब'. प्रत्येकाने सांगितले, की बाकीचे दोघे चुकले. खुशालराव म्हणाले, "चांदीचा कसा असन? चांदी असती तं कोनी सोडली असती का?" पार्बताबाई म्हणाल्या, "म्या डोयानं पाह्यला वो. डोंगरावरून पानी पडते, उभा खांब. त्या बुढ्यायनं डोये मिटून पाह्यला असन."

माझी रीत अशी होती : नत्थुजींची ओळ काळ्या शाईने. तिच्याखाली लाल शाईने 'पा.' लिहून पार्बताबाईंचा फरक, 'खु.' लिहून खुशालरावांचा. समासात वय, गाव आणि गाणे कुणाकडून शिकले ते. पान लालकाळे दिसे, आणि खरे सांगायचे तर मला सुंदर दिसे.

एकच अडचण होती. तिघेही शेवटच्या डोंगराच्या पायथ्याशी आले की थांबत. वर चढतच नसत. नत्थुजी पाणी मागत, खुशालराव उठून बैलांकडे जात. पार्बताबाई तर नुसत्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "झालं."

मला वाटले, विसरले असतील. वयाने होते तसे. आणि मोठ्या माणसाला 'तुम्ही विसरलात का' हे विचारायचे कसे? मी विचारले नाही. सारे तिथेच बिघडले.

घरी येऊन स्वच्छ प्रत करायला बसलो. गाणे अधांतरी लटकत होते. कमलाकांताचे दुसरे पत्र आले होते : "लवकर." मी दोन दिवस त्या कोऱ्या जागेकडे पाहिले आणि तिसऱ्या दिवशी दोन ओळी लिहिल्या :

शिखरी पोचता झाला जन्माचा उतारा
शंभो तुझ्या पायी वाहिला भार सारा

वाचून पाहिल्या. बऱ्या होत्या. जन्मभरात लिहिलेले मला प्रथमच बरे वाटले. पार्बताबाईंचे गाणे सगळ्यांत लांब होते, तेव्हा ओळींपुढे लाल शाईने 'पा.' लिहून टाकले.

उतरवलेले गाणे म्हणणाऱ्याला वाचून दाखवायचे, हाही माझा नेम. नत्थुजींच्या गावी चावडीसमोर वाचले. दहाबारा माणसे कापसाच्या ओझ्यांवर बसून ऐकत होती. शेवटच्या ओळी वाचून होताच नत्थुजींनी हात वर केला.

"हे कोनं सांगतलं?" नत्थुजींनी विचारले.

"पार्बताबाईंनी." जीभ कशी वळली, कुणास ठाऊक.

"घरी बसून?"

"हो, ओसरीवर."

"अरे बापा!" नत्थुजींनी कपाळाला हात लावला. "बुढीनं गानं घरीच पुरं केलं?"

त्यांनी मग सांगितले, तेव्हा मला कळले. डोंगरावरचे कडवे गाव दिसत असताना म्हणायचेच नाही, अशी रीत. ते तिकडचे. जो घरी बसून म्हणेल, त्याने देवाला सांगितले की माझे येणे संपले.

मी तेव्हाच बोलायला हवे होते. 'अहो, ते माझे आहे,' एवढेच. पण दहाबारा माणसे पाहत होती आणि मी वहीची दोरी बांधत बसलो.

त्या दिवसांत वऱ्हाडातल्या प्रत्येक वाटेवर कापसाच्या गाड्या होत्या आणि बातमीला गाडीभाडे पडत नाही. आठ दिवसांनी अकोल्याहून आलेला आणि तिकडेच परत निघालेला एक गाडीवान दारात उभा राहिला. पार्बताबाईंची सून जमुना, तिने निरोप दिला होता : "पंतोजीले म्हना, मेळा माघात निघून राहिला. बुढीले नेत नाहीत. म्हनतात, तिचं गानं पुरं झालं. बुढी जेवून नाही राहिली. तुमी काय लिवलं ते येऊन सांगा."

सहा वर्षे गुडघ्यांमुळे पार्बताबाई महादेवाला गेल्या नव्हत्या. यंदा कापसाच्या पैशात पोराने नवी गाडी केली होती, डोंगराच्या पायथ्यापर्यंत त्या गाडीत बसून जाणार होत्या. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते. मी समासात वय आणि गाव लिहिले होते. हे लिहिले नव्हते.

मी त्याच गाडीवानाबरोबर निघालो.

बार्शीटाकळीला पोचलो तेव्हा मारुतीच्या पारावर मेळ्याची माणसे जमली होती, वाटखर्चीचे बोलत होती. पार्बताबाई एका कडेला, पाठ फिरवून. जमुनाने मला पाहिले आणि मोठ्याने म्हणाली, "आले पाहा, लिवनारे!"

मी वही उघडली. कुणी पाणी आणले. मी ते प्यालो आणि म्हणालो, "या शेवटच्या दोन ओळी पार्बताबाईंच्या नाहीत. त्यांनी मला त्या सांगितल्या नाहीत. जागा कोरी राहिली, ती मी भरली आणि त्यांचे नाव घातले. खोटे लिहिले. मूर्तिजापूरला जाऊन हेच सांगणार आहे."

मग पार्बताबाई वळल्या.

"तुमी भरली?"

"हो."

"कावून?"

"गाणे अर्धे वाटले."

"अर्धंच असते ते घरी! बाकीचं तिकडं राह्यते म्हनून तं मानूस जाते, पंतोजी." त्यांनी वहीकडे बोट केले. "वाचा पाहू."

मी वाचल्या. मेळ्यातला एकजण म्हणाला, "ओळ बाकी गोड हाय." जमुना पदराआड हसली.

पार्बताबाई म्हणाल्या, "गोड हाय, पन माह्यी नाही. माह्या सासूनं मले देल्ली ते येगळीच हाय. ह्या जमुनेले शिकवाची होती यंदा वाटंवर." मग मेळ्याकडे पाहून, "आता नेता का मले, का अजून पंतोजीले रडवता?"

मेळ्याचा म्होरक्या खाली पाहत म्हणाला, "चाला ना बुढे, कोन नाही म्हनते."

मी वही मिटू लागलो. पार्बताबाईंनी हात केला. "थांबा. कोरी जागा ठेवू नका. तुमच्या हाताले खाज सुटते. गाव दिसनासं झालं का मी म्हनीन. गाडी आना."

गाडी कुठली? नव्या गाडीसकट गावातली प्रत्येक गाडी कापसाने भरलेली, अकोल्याच्या वाटेला लागलेली. शेवटी त्याच नव्या गाडीतल्या कापसाच्या ढिगावर पार्बताबाईंना चढवले. त्या वर अंबारीत बसल्यासारख्या बसल्या. जमुना त्यांच्या शेजारी. मी खाली, दौत हातात धरून चाकाशेजारी चालत.

काळ्या रानाचा एक दोष आहे : ते सपाट असते. अर्धा कोस गेलो, पार्बताबाई मागे वळून म्हणाल्या, "पिंपय दिसते." आणखी अर्धा कोस. "अजून दिसते." गाडी हाकणारा त्यांचा पोरगा कुरकुरला, "माय, बजार उठून जाईन ना वो!" "उठू दे. अमेरिकेचे लोक थांबतीन." दौतीतली शाई माझ्या धोतरावर सांडत होती. एका ओढ्यात गाडी उतरली, आणि पारावरचा पिंपळ बुडाला.

"थांबव," पार्बताबाई म्हणाल्या.

बैल थांबले. डोंगर दिसत नव्हता, तरी त्यांनी त्याच्या दिशेला हात जोडले आणि म्हटले :

आली तुह्या दारी देवा, मांगनं नाई काई
मी आली इतक्या दूर, तू आला कावून नाई

जमुनाला झील धरायची होती, पण तिला रडू आले. तेव्हा मी धरली. चाकावर वही टेकून, घोगऱ्या आवाजात, लिहिता लिहिता. माझी गोड ओळ मला तिथेच आठवली आणि लाज वाटली. मग लाजही गेली. देवाला असे विचारणे मला साता जन्मांत सुचले नसते.

"लिवलं?" वरून आवाज आला.

"लिहिले."

"'कावून' लिवलं का? तुमी 'का' लिवता."

"'कावून'च लिहिले."

परत जाताना नत्थुजींच्या गावी उतरलो आणि त्यांना सगळे सांगितले. चावडीसमोर, त्याच दहाबारा माणसांत. नत्थुजी खो खो हसले. मग जरा ओशाळून म्हणाले, "मोरोपंत, एक सांगू? आमच्या पोट्ट्यायनं तुमची ओळ उचलली. घाटावर म्हनाची म्हनतात." आणि गावाबाहेरच्या बाभळीपर्यंत मला नेऊन हळूच म्हणून दाखवली :

डोंगरी पोचलो, झाला जल्माचा उतारा
देवा तुह्या पायी टाकला भार सारा

'वाहिला'चा 'टाकला' झाला होता. ओझे उचलून आलेला माणूस पोचल्यावर ओझे टाकतो, देवाला वाहत नाही. त्यांचे बरोबर होते.

कमलाकांताला मी सगळी प्रत तशीच पाठवली, लालकाळी, 'मले' आणि 'कावून'सकट. लिहिले, की शुद्ध करायचे असेल तर छापू नये आणि वर माझे नाव घालू नये. घालायचेच तर नत्थुजी, पार्बताबाई, खुशालराव ही नावे घालावीत. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. येईल असेही मला वाटत नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर मात्र पार्बताबाईंचे कडवे काळ्या शाईने आहे, समासात 'गाव दिसेनासे झाल्यावर, ओढ्यात, कापसाच्या गाडीवर' असे. त्याखाली लाल शाईने : 'न. यांच्या गावी निराळे म्हणतात. ते जुने नव्हे. पंतोजीने घरी बसून केले, लोकांनी सुधारले.'