कापलेली उजवी कड

मी लोकांच्या औषधांचे तक्ते करते. हॉस्पिटलमधून घरी सोडताना पेशंटच्या हातात जो कागद देतात, त्याचा फोटो घरची माणसं आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सअॅपवर पाठवतात. आम्ही त्यावरून सकाळ, दुपार, रात्र असा मोठ्या ठळक अक्षरांतला तक्ता छापून घरपोच देतो. म्हैसूरमध्ये म्हाताऱ्या माणसांना तोटा नाही, आणि डॉक्टरांच्या बारीक इंग्रजीलाही नाही. त्यामुळे आमचं बरं चाललंय.

फोटो कसे येतात ते मात्र विचारू नका. कुणाचा अंगठा पेशंटच्या नावावर, कुणाच्या पंख्याची सावली गोळ्यांवर, कुणाची कड कापलेली. म्हणून मी आल्या वर्षीच एक नियम केला आणि माझ्या हाताखालच्या चौघींकडून घोकून घेतला. जे दिसत नाही ते लिहायचं नाही. अर्धं दिसलं तरी ते पूर्ण करायचं नाही. ती जागा रिकामी ठेवायची, ओळीला लाल खूण करायची आणि घरी फोन करायचा. लाल खुणेची ओळ आमच्या फार्मासिस्टकडे, नरसिंहमूर्तींकडे जाते. ते अर्धा दिवसच येतात, म्हणून फक्त लाल ओळीच बघतात. शरण्या नावाच्या नव्या मुलीने एकदा फोन नंबरातला कापलेला शेवटचा आकडा अंदाजाने भरला, तर मी तिला सगळ्यांसमोर असं झाडलं की ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. मी सातारची, तोंडाने तिखट आहे हे मला माहीत आहे.

त्या शुक्रवारी साडेअकराच्या सुमाराला सयाजीरावांचा फोन आला. सयाजीराव हे इथल्या जुन्या मराठा कुटुंबातले. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते, ते स्वतः मेटगळ्ळीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांच्या आई रुक्मिणीबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. संधिवाताने हॉस्पिटलात होत्या, अकरा दिवसांपूर्वी घरी आल्या आणि त्यांचा तक्ता मी स्वतः केला होता.

"मॅडम, एक गोळी संपली बघा," सयाजीराव म्हणाले. "ती पिवळी, सांधेदुखीची. गल्लीतल्या दुकानात स्टॉक इल्ला, संपला म्हणतोय. तुमच्याकडून काही व्यवस्था होते काय?"

"महिन्याच्या घेतल्या होत्या ना?" मी विचारलं.

"बाकी सगळ्या तीस-तीस दिल्या हॉस्पिटलच्या दुकानानं. हीच तेवढी चार दिली. पट्टी कापून चारच. कसला कंजूसपणा म्हणायचा हा? मी मग दुकानात जुनी पट्टी दाखवून सहा आणल्या. त्या पण काल संपल्या."

मी हसले. हॉस्पिटलची दुकानं अशीच असतात, असं काहीतरी बोललेसुद्धा. मग सहज विचारलं, "अज्जी कशा आहेत?"

"तोंड आलंय हो तिचं. पूर्ण सोललंय आतून. दोन दिवस झाले, भाताची पातळ गंजी पण गिळता येईना. उष्ण पडलं असेल म्हणून ताक देतोय."

तीस, तीस, तीस, तीस, तीस आणि चार. मी हसता हसता थांबले. महिन्यात रविवार चार असतात, सोमवार चार असतात. एक महिना आणि चार गोळ्या.

"सयाजीराव, आज ती गोळी दिलीत?" मी विचारलं.

"संपली म्हणून तर फोन केला की."

"देऊ नका. मिळाली तरी देऊ नका. फोन जवळ ठेवा, मी पाच मिनिटांत करते."

मी फोटो उघडला. फोटो तिरका होता. कागदाची उजवी बाजू वरच्या ओळींत जेमतेम आत आली होती आणि खाली जाता जाता जास्त जास्त कापली गेली होती. एकूण सहा औषधं. शेवटच्या रकान्यात इंग्रजीत 'डेली', म्हणजे रोज, असं लिहिलेलं. पहिल्या ओळीत त्याची पाचही अक्षरं दिसत होती, दुसऱ्या ओळीत चार, तिसऱ्या ओळीत तीन, मग दोन, मग एक. सहाव्या ओळीत काहीच नव्हतं. गोळीचं नाव होतं, साडेसात मिलिग्रॅम होतं, एक-शून्य-शून्य होतं, म्हणजे सकाळी एक. त्यापुढे फोटो संपला होता.

आणि माझ्या तक्त्यात सहाव्या ओळीपुढे ठळक अक्षरांत छापलं होतं, रोज. लाल खूण नव्हती. खाली 'तक्ता तयार करणार' या जागी माझंच नाव होतं, देवश्री.

नरसिंहमूर्ती नुकतेच आले होते, डबा टेबलावर ठेवत होते. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी गोळीचं नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"मेथोट्रेक्सेट," ते कन्नडमध्ये म्हणाले. "संधिवाताला ही आठवड्यातून एकदाच देतात. रोज कुणी लिहिलं?"

मी तक्त्याच्या तळाशी बोट ठेवलं. त्यांनी खालचं नाव वाचलं असावं, कारण पुढे विचारलं नाही.

"किती दिवस झाले?"

"दहा गोळ्या गेल्या. तोंड सोललंय."

"हॉस्पिटलात न्यायला सांगा, आत्ता. ताक-बीक काही नको. रक्त तपासायला हवं, पेशी खाली आल्या असणार. रिकामी पट्टी आणि मूळ कागद बरोबर घ्यायला सांगा. दहा दिवसांत दहा गोळ्या गेल्या, हे दारातच सांगायचं."

मी सयाजीरावांना फोन केला. काय सांगितलं ते मला अजून नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की मी "घाबरू नका" म्हणत होते.

हॉस्पिटलात पोचेपर्यंत रिक्षात मला तो दिवस पुन्हा पुन्हा दिसत होता. फोटो सयाजीरावांच्या मुलीने, सहानाने पाठवला होता. पहिला हलला होता, मी दुसरा मागितला. दुसऱ्यात तिचं बोट आलं, मी तिसरा मागितला. तो कॉलेजला निघताना घाईत काढलेला. त्याची कड कापली होती हे मी पाहिलं होतं. नाही असं नाही, पाहिलं होतं. पण चौथ्यांदा कसं मागायचं, मुलगी वैतागेल, असं मनात आलं. शिवाय वरच्या पाच ओळी ओरडून सांगत होत्या की सहावीत काय असणार. अर्धी अक्षरं ओळखण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, असं मी ऑफिसात मिरवत आले होते. इथे तर अर्धं अक्षरसुद्धा नव्हतं. मी जे वाचलं ते त्या कागदावर नव्हतंच, माझ्या डोक्यात होतं.

तातडीच्या विभागाबाहेर सयाजीराव उभे होते आणि सहाना भिंतीला टेकून रडत होती.

"एक फोटो नीट काढता येत नाही?" सयाजीराव तिला बोलत होते. "डिग्री करतेय म्हणे. मोबाइल हातातून सुटत नाही आणि एक कागद पूर्ण घेता येत नाही. अज्जीला काय झालं तर तोंड दाखवू नको मला."

"मला काय माहीत अप्पा, कट झालं म्हणून," सहाना म्हणाली.

मला बघून ते थांबले. "बरं केलंत मॅडम, वेळेवर सांगितलंत," ते म्हणाले. "तुम्ही होतात म्हणून कळलं तरी."

त्यांच्या हातात मूळ कागद होता. मी तो घेतला. सहाव्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात, बाकीच्यांपेक्षा ठळक अक्षरांत छापलेलं होतं, फक्त रविवारी. इंग्रजीत, दोन शब्द. त्याखाली कुणीतरी पेनाने रेघ मारली होती.

कुणालाही माझा संशय नव्हता. मी गप्प बसले असते तर तो दोष त्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या कपाळी आयुष्यभर राहिला असता आणि मला घरी जाता आलं असतं. हा विचार माझ्या मनात आला, हे मी लपवत नाही. आला आणि स्वतःचीच किळस आली.

"सयाजीराव, तिला बोलू नका," मी म्हणाले. "फोटो कापलेला होता हे खरं. पण कापलेल्या जागी 'रोज' मी लिहिलं. ती जागा रिकामी ठेवून तुम्हाला फोन करायचा असतो. तो मी केला नाही."

सहानाने डोळे पुसले आणि ती माझ्याकडे बघत राहिली. सयाजीराव ओरडले असते तर बरं झालं असतं. ते बाकावर बसले आणि हातातली रिकामी पट्टी उलटसुलट करत राहिले.

"छापलेलं होतं," एवढंच ते म्हणाले. "छापलेलं होतं हो मॅडम."

पांढऱ्या पेशी आठशेवर आल्या होत्या. निदान चार हजार असाव्या लागतात. मूत्रपिंड वयामुळे आधीच मंद, त्यामुळे औषध अंगातच साठत गेलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. उतारा म्हणून दर सहा तासांनी इंजेक्शन सुरू झालं आणि अज्जींना वेगळ्या खोलीत ठेवलं. चार दिवस कुणीही कसलाच शब्द दिला नाही. मी आमच्या ऑफिसच्या साहेबांना सगळं लिहून दिलं. नरसिंहमूर्तींनी त्या दिवसापासून लाल खूण असो नसो, प्रत्येक ओळ वाचायला सुरुवात केली. शरण्याची मी माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे मॅडम," आणि माझ्यासाठी कॉफी आणायला गेली, तेव्हा मला रडू आवरेना.

पाचव्या दिवशी पेशी वर सरकल्या. नवव्या दिवशी मला आत सोडलं.

रुक्मिणीबाई उशीला टेकून बसल्या होत्या. ओठांवर खपल्या होत्या, आवाज खोल गेला होता. सयाजीराव खिडकीशी उभे होते. मी पलंगाशी गेले आणि पाया पडले.

"अज्जी, चूक माझी झाली," मी म्हणाले.

"सयाजी बोलला," त्या हळूहळू म्हणाल्या. "तू काय मुद्दाम केलीस काय ग. ह्याला मी पयल्या दिवशीच म्हटलंते. डॉक्टरनं माझा हात धरून सांगितलंते, अज्जी, भानुवारी, रविवारी एकच, बाकी दिवस बेडा, नको. मी ह्याला म्हटलं, सयाजी, ही रोज नाही रे. हा म्हणला, अम्मा, तक्त्यात रोज आहे, तुला नीट ऐकू आलं नसेल, सुम्ने गीळ, गुमान."

सयाजीराव खिडकीबाहेरच बघत राहिले.

"मग मला पण वाटलं, माझंच चुकलं असेल," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "मला वाचता येत नाही की. तुमी शिकलेली माणसं."

मला फोटोत दिसला नाही तो शब्द त्या घरात एका बाईला पाठ होता. मी एक फोन केला असता तर तिनेच तो मला सांगितला असता.