पाच फुटांची सावली

साहेबांना त्या दिवशी सावली हवी होती, आणि ती त्यांना माझ्याकडूनच हवी होती. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या आमच्या ऑफिसात चित्रं रंगवणारी मी एकटी. वीस वर्षं घासतेय. घर कुणाचंही असो, देखणं करायची जबाबदारी माझी.

काम म्हटलं तर साधं होतं. दवाखान्याचा पुढचा भाग पाडून नवीन बांधायचा होता आणि त्याचं समोरून दिसणारं रंगीत चित्र समितीने मंजूर केलं होतं. पण ते होतं अगदी सपाट. भिंत पिवळी, खिडक्या निळ्या, दारावरचा छज्जा म्हणजे नुसती एक करडी पट्टी. त्यात दम आणायचा होता. अट एकच, समोरून बघण्याचा कोन हलवायचा नाही. मंजूर झालेली एकही रेघ इकडची तिकडे झाली तर समिती पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करते, आणि मग आपली दिवाळखोरी ठरलेलीच, असं साहेब म्हणाले.

आता सपाट चित्राची गंमत अशी की त्यात काय पुढे आहे आणि काय मागे, हे कुणालाच कळत नाही. छज्जा वीतभर असो की खाटेएवढा, पट्टी तीच. ते सांगते फक्त सावली. म्हणून मी कॉम्प्युटरवर मूळ रेघा खालच्या थरात कुलूपबंद केल्या, सावलीसाठी वर वेगळा थर घेतला आणि नकाशा उघडून प्रत्येक गोष्ट किती पुढे येते ते मोजलं. आमच्याकडे उजेड येतो डावीकडून वरून, पंचेचाळीस अंशांत. वस्तू जेवढी पुढे, तेवढीच तिची सावली खाली आणि तेवढीच उजवीकडे. खिडक्या भिंतीत आत आहेत, म्हणून काचेवर वरून आणि डावीकडून सावलीची किनार. खांब गोल, म्हणून त्यांच्यावर अंधार हळूहळू चढवायचा आणि उजव्या कडेला उजेडाची बारीक रेघ सोडायची. सावलीत काळा रंग ओतायचा नाही, तो नवशिक्यांचा उद्योग. भिंतीचाच पिवळा, थोडा निळसर करून, खालचं दिसेल इतपत.

सगळं झाल्यावर बघितलं तर छज्ज्याखाली दीड फूट सावली. नकाशात छज्जा दीडच फूट होता.

माझं डोकंच सटकलं. अहो, त्या दारासमोर आठवड्यातून तीनदा माझे अप्पा उभे असतात, पायाच्या जखमेचं ड्रेसिंग करून घ्यायला. सकाळी आठपासून उघड्यावर रांग. मागच्याच महिन्यात त्यांना तिथे घेरी आली आणि घरी येऊन मला म्हणाले, "काही नाही गं, जरा बसलो." जरा बसले म्हणे! पँटला मागून माती लागली होती. आणि एवढा खर्च करून नव्या इमारतीतही त्यांच्या नशिबी तेच ऊन येणार होतं.

साहेबांनी चित्र पाहिलं आणि नाक मुरडलं. "हे अजून सपाटच वाटतंय. सावली वाढव ना."

"सावली वाढली म्हणजे छज्जा वाढला साहेब. जेवढं बाहेर, तेवढं खाली."

"ते तुला आणि मला माहीत. समितीतलं कोण पट्टी लावून बसणार आहे?"

"किती वाढवू?"

"दमदार दिसेल एवढी."

मला हेच ऐकायचं होतं. मी ती पाच फुटांपर्यंत वाढवली. दार भिंतीपेक्षा एक फूट आत होतं, म्हणून दारावर ती फूटभर आणखी खाली उतरवली. छज्ज्याची करडी पट्टी जागची हललीही नाही, चित्र मात्र उठून उभं राहिलं. खाली रांगेत सात माणसं काढली, सगळ्यांची डोकी सावलीत. तिसरा म्हातारा जरा अप्पांसारखा झाला, त्याला माझा इलाज नव्हता.

समितीच्या बैठकीत बाकीचे लोक झाडं किती छान आलीत यावर बोलत होते. झाडं तर मी तयार आणून चिकटवली होती. मोठ्या सिस्टर मात्र चष्मा वर सरकवून छज्ज्याकडेच बघत होत्या. तीस वर्षं त्या त्याच दारातून रांग आत घेत आल्या आहेत.

"दारावर सावली खाली का उतरलीय?" त्यांनी विचारलं.

"दार आत आहे म्हणून," मी म्हणाले.

"म्हणजे ही सावली मोजून काढलीय?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी साहेबांकडे बघितलंच नाही. "हो. वरचं जेवढं बाहेर, तेवढीच सावली खाली. प्रमाण कोपऱ्यात दिलंय."

सिस्टरांनी पर्समधून पट्टी काढली. खरोखरची पट्टी! मोजलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "पाच फूट. ठरावात लिहा, छज्जा पाच फूट, चित्राप्रमाणे." साहेबांचा चेहरा असा झाला की मला हसू दाबायला वहीत काहीतरी लिहावं लागलं. चित्र खोटं आहे असं ते म्हणू शकत नव्हते आणि नकाशा चुकलाय असंही म्हणवत नव्हतं. शेवटी म्हणाले, "अर्थात, आमचा विचार तोच होता."

पुढे दोन महिने ते माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. छज्ज्याला जादा लोखंड लागलं, नकाशे पुन्हा काढावे लागले. मला कशाचंच काही वाटलं नाही. घरी मी अप्पांना चित्र दाखवलं, तो तिसरा म्हातारा दाखवला. त्यांनी भिंग लावून त्याला बराच वेळ पाहिलं. "मला एवढं टक्कल नाही," म्हणाले. पण शेजारच्या काकांना बोलावून त्यांनाही दाखवलं.

सातव्या महिन्यात दार उघडलं. मी रजा टाकून अप्पांबरोबर गेले. छज्जा अगदी ठरावाप्रमाणे होता, रुबाबदार, पाच फूट. खाली रांग. आणि रांगेतला प्रत्येक माणूस भिंतीला पाठ लावून, डोळे बारीक करून, कपाळावर हात धरून उभा.

ऊन समोरून येत होतं. सरळ, छज्ज्याच्या खालून. सूर्य अजून खालीच होता. दाराचं तोंड उगवतीकडे आहे हे नकाशाच्या कोपऱ्यातल्या बाणाने मला केव्हाच सांगितलं होतं. पण वीस वर्षं माझा उजेड डावीकडून वरून येतोय. बाणाकडे बघायचं असतं हे माझ्या हाताला ठाऊकच नव्हतं. छज्ज्याची सावली होती, नाही असं नाही. सगळ्यांच्या डोक्यांच्या वर, भिंतीवर स्वच्छ पट्टा पडला होता.

मला तिथल्या तिथे मेल्यासारखं झालं. "अप्पा, दुपारी इथे छान सावली असेल," मी म्हणाले.

"दुपारी दवाखाना बंद असतो," अप्पा म्हणाले. मग अगदी साधेपणाने, "तुझ्या चित्रात वाजले किती होते गं?"

चित्रात काहीच वाजलेलं नव्हतं. मी त्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले, उन्हाकडे पाठ करून, जरा टाचा उंच करून. त्यांच्या कपाळावरचा हात खाली आला.

मागची बाई म्हणाली, "ओ ताई, तुम्ही मध्येच कुठे घुसताय?"