गुड नाइट, या बसा!

महाबळेश्वरात सूर्य बुडतो तो बॉम्बे पॉइंटावर, आणि तो बुडताना बघायला साहेबलोक पार मुंबईहून येत. लढाईच्या दिवसांतल्या एका उन्हाळ्यात हरिबाने नेमकी त्यांच्या परतीच्या वाटेवर कोरीव काठ्यांचं पाल मांडलं.

त्याची बायको बयाबाई म्हणाली, "या हप्त्यात काठ्या खपल्या न्हाईत तर मुकाट इस्लामपूरला चला. दादासोच्या मळ्यावर पाखरं हाकाय."

मेव्हण्याच्या मळ्यावर राखण! हरिबाला त्यापरीस कड्यावरून उडी बरी वाटली. साहेबलोकांशी बोलायचं कसं ते शिकायला तो धावला लालासाहेबाकडे. लालासाहेब पूर्वी पलटणीत एका कप्तानाचा ऑर्डर्ली होता.

"लय सोपं हाय गड्या," लालासाहेब म्हणाला. "सकाळी गुड मॉर्निंग, दुपारी गुड आफ्टरनून, अंधार पडला की गुड नाइट. काय घेतलं तर थँक्यू. रोज रातच्याला बूट पुसून झालं की कप्तान मला गुड नाइट म्हनायचा. लय मायाळू!"

दिवेलागणीला एक मड्डम आली. तिने काठी उचलली. हरिबाने हात जोडून समोरची दरी घुमेल असा आवाज दिला, "गुड नाइट!"

मड्डमने काठीकडे पाहिलं, हरिबाकडे पाहिलं, काठी हळूच खाली ठेवली आणि "गुड नाइट" म्हणून निघून गेली.

पुढचे साहेबही तसेच. एकाचा हात तर खिशात गेला होता, तो रिकामाच बाहेर आला. दुसरा म्हणे तिथंच जांभई देऊन बंगल्यावर गेला आणि जेवणाआधीच झोपला. हरिबा चक्रावला. बोलतात गोड, हसतात गोड, मग पळतात का?

"आवाज बारीक पडतोय तुजा," लालासाहेब म्हणाला. "छाती काढून म्हन."

त्याने छाती काढली. साहेब आणखी झपाझप चालू लागले.

शेवटच्या संध्याकाळी बयाबाई गाठोडं बांधूनच पालात बसली. तेवढ्यात एक म्हातारा साहेब आणि त्याची मड्डम आली. घाबऱ्याघुबऱ्या हरिबाच्या तोंडून निघालं, "गुड मॉर्निंग!"

दोघं खो खो हसली. मड्डमने तांबड्या आभाळाकडे बोट केलं आणि सावकाश म्हणाली, "नो, नो. गुड इव्हनिंग."

"गुड इव्हनिंग," हरिबा पुटपुटला.

मड्डमने मान डोलावली आणि दगडावर बसली. साहेबाने चार काठ्या टेकवून पाहिल्या, दोन घेतल्या. हरिबा "थँक्यू" म्हणाला. साहेबाने टोपी उचलली, "गुड नाइट!"

हरिबाला वाटलं, आता काठ्या परत ठेवणार! पण साहेब काठी टेकीत निघालासुद्धा.

"आगं बये! ह्ये जाताना म्हनायचं हाय! कप्तान लालासाहेबाला घरी धाडत हुता, अन् मी गिऱ्हाइकाला!"

"येताना निराळं अन् जाताना निराळं? आपला रामराम दोनीकडं चालतोय की!"

"त्येंचं न्हाई चालत!"

वाटेवर आणखी चारजण दिसले. हरिबाने तोंड उघडलं, तर इव्हनिंग आणि नाइट दोन्ही घशात अडकले.

बयाबाईने त्याला कोपराने मागे सारलं. "तुमी नुसतं काठ्या धरा," म्हणाली, आणि पदर सावरून खणखणीत बोलली, "गुड इव्हनिंग!"