जास्त आलेले पैसे

आमच्या अक्काचा फोन एकदा लागला की तो ठेवेपर्यंत ऋतू पालटतो, असं मी म्हटलं तर लोक मला थापाड्या म्हणतात. पण हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. एका बाईने उशीची ऑर्डर पक्की करायला फोन उचलला तेव्हा तिचं बाळ नुकतं पालथं पडत होतं, आणि अक्काने फोन ठेवला तेव्हा ते शाळेच्या गणवेशाचं माप देत होतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती उशा शिवते, तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, त्या इंटरनेटवर विकते, आणि मी, वय वर्षे सदुसष्ट, खोक्यांना चिकटपट्टी लावतो. पगार म्हणून दोन वेळचा चहा आणि अक्काची बोलणी मिळतात. चहाला एखादे दिवशी खाडा होतो, बोलण्यांना नाही.

गिऱ्हाइकं बहुतेक कॅश ऑन डिलिव्हरीवाली. उशी दारात आली की पैसे कुरिअरवाल्याच्या हातात. तो ते संध्याकाळी आपल्या केंद्रात भरतो, आणि कंपनी आठव्या दिवशी बऱ्याच पार्सलांचे एकदम, आपलं भाडं कापून, आमच्या खात्यात टाकते. सोबत यादी येते, कुठल्या ट्रॅकिंग नंबरचे किती. भाची ती यादी घेऊन बसते, कापलेलं भाडं बेरजेत परत धरते आणि एकेक पार्सल अक्काच्या वहीशी ताडून बघते.

त्या सोमवारी ती ताडता ताडता थांबली.

"आई, परगावचे पैसे आठव्या दिवशी बरोबर येतायत. आपल्याच गावातले तेवढे लटकतायत. पाच पार्सलं पोहोचून वीस दिवस झाले, दमडी नाही."

"खाल्ले असतील," अक्का म्हणाली.

"पुढे ऐक. आधीची सहा आली, एक सोडून सगळी अशीच उशिरा. पण आली ती वहीपेक्षा जास्त. कुठे चाळीस जास्त, कुठे पन्नास."

"जास्त?"

"सहा मिळून दोनशे नव्वद."

मी म्हटलं, "अक्का, असा चोर मला दाखव. त्याला मी घरी जेवायला बोलावतो आणि किल्ल्या देतो."

"बाळ्या, तू पट्टी लाव."

भाचीने केंद्रात फोन केला. तिथले साहेब म्हणाले की त्या भागात पार्सलं वाटणारा एकच माणूस आहे, त्याचा हिशेब वरचेवर कमी भरतो, आणि तुमच्याकडून लेखी तक्रार आली तर तो उद्यापासून कामावर नसेल. अक्काने लगेच कागद ओढला. पण दोनशे नव्वद भाचीच्या घशात अडकले होते. "कमी भरणाऱ्याकडून आपल्याला जास्त कसे येतील? आधी बघून येऊ, मग लिही," ती म्हणाली. अक्का वही काखेत मारून आणि कागद पर्समध्ये घालून निघाली. तो कोरा होता, पण पर्स धरण्याची पद्धत पाहून वाटत होतं आत पिस्तूल आहे.

केंद्र म्हणजे एक लांबलचक गोदाम. खोकी इतकी, की मागच्या कोपऱ्यात रस्ता चुकलेला एक कामगार तिथेच संसार थाटून बसलाय म्हणतात. साहेबांनी त्या माणसाला बोलावलं. चाळिशीचा, हडकुळा, पण मिशी अशी की ती आधी आली आणि तो मागून.

"हाच तो," साहेब म्हणाले. "मशीनवर अकराशे पन्नास दिसतात, हा अकराशे भरतो. जोवर पन्नास भरत नाही तोवर पार्सल माझ्याकडे बंद होत नाही, आणि बंद झाल्याशिवाय तुमचे पैसे सुटत नाहीत. पगार झाला की भरतो थोडे, की सुटतात थोडे."

"म्हणून उशीर," भाची पुटपुटली.

"आणि पन्नास जातात कुठे?" अक्काने विचारलं.

मिशीवाला खाली बघत म्हणाला, "गिऱ्हाईक देतच नाही, मावशी. म्हणतं, खोक्यावर अकराशे लिहिलंय, तेवढेच देणार. जाड निळ्या पेनाने लिहिलेलं असतं, मीही वाचतो. पार्सल परत आणावं तर माझा फेरा फुकट, पोहोचवल्याचे पैसे नाहीत. साहेबांना सांगितलं, तर म्हणतात मशीन सांगेल ते खरं. खोकं तर गिऱ्हाईक फाडून फेकून देतं. दाखवू काय?"

अक्का एकदम गप्प झाली. सदुसष्ट वर्षांत मी तिला गप्प झालेली दोनदाच पाहिली, आणि पहिल्या वेळी तिची दाढ काढत होते.

"आई," भाचीने हळूच विचारलं, "खोक्यावर कोण लिहितं?"

"मीच," अक्का म्हणाली. "आपल्याच गावच्या बायका. फोनवर इतक्या गोड बोलतात, चाळीस-पन्नास सोडावेसे वाटतात. म्हणून खोक्यावर लिहिते, वहीतही लिहिते. चोरून नाही काही."

"पण लेबल मी सकाळीच काढलेलं असतं. कंपनीच्या मशीनला तू पेनाने काय लिहिलंस ते कळत नाही. त्याला जुनीच रक्कम दिसते."

म्हणजे अक्काने दिलेली सूट हा माणूस आपल्या पगारातून भरत होता, आणि ती आमच्याच खात्यात येऊन बसत होती. उदार आम्ही, खिसा मिशीवाल्याचा.

अक्काने वही साहेबांच्या टेबलावर आपटली. "ही बघा. पार्सल, तारीख, सोडलेले पैसे. अक्षर माझं. माणूस चोर नाही, साहेब. मी बावळट आहे."

साहेबांनी यादी आणि वही शेजारी शेजारी ठेवली. एकेक नंबर जुळत गेला तसे ते खुर्चीत आखडत गेले. शेवटी बोट थांबलं. "माझ्याकडे दहा पार्सलांचे चारशे नव्वद कमी. तुमच्याकडे अकरा, पाचशे तीस."

"ते पुढे बघू," अक्का म्हणाली आणि पैसे मोजू लागली. लटकलेल्या पाच पार्सलांचे दोनशे चाळीस साहेबांपुढे ठेवले. "ही तूट भरा आणि याचं खातं कोरं करा." मग दोनशे नव्वद मिशीवाल्याच्या हातावर ठेवले. "हे तुमचे. माझ्याकडे चुकून राहिले."

त्याने मोजले, आणि चाळीस परत केले.

"हे माझे नाहीत, मावशी. मोठ्या पाण्याच्या टाकीमागे एक बाई राहतात. त्यांनी खोक्याकडे पाहिलंच नाही, मशीनवर दिसले तेवढे पूर्ण दिले. ती तूट कधी झालीच नव्हती."

साहेबांनी आपल्या यादीतली दहा पार्सलं पुन्हा मोजली आणि मान हलवली. मग ते उठले, मिशीवाल्यासमोर जाऊन म्हणाले, "मी गोदामात सगळ्यांसमोर तुला बोललो होतो. चल, सगळ्यांसमोरच सांगतो काय झालं ते." आणि खरोखरच गेले. खोक्यांच्या पलीकडून कोणीतरी शिट्टी वाजवली. कोपऱ्यातल्या संसारवाल्याने, असं मी म्हणतो.

पाचही पार्सलं तिथल्या तिथे बंद झाली. "गुरुवारच्या यादीत येतील," साहेबांनी सांगितलं. मिशीवाला बॅग भरून गाडीला किक मारून निघाला. मिशी आधी वळली, मग तो.

घरी आल्यावर भाचीने फर्मान काढलं. सूट द्यायची ती लेबल निघण्याआधी, तिच्यासमोर, म्हणजे मशीनवरही तीच रक्कम चढेल. खोक्यावर अक्षर दिसलं तर त्या दिवशी उशीचा कापूस मला पिंजावा लागेल. अपराध अक्काचा, शिक्षा मला. आमच्या घरचं कायदेशास्त्र हे असं.

अक्काने सगळं मान्य केलं. मग ते चाळीस रुपये टेबलावर सरळ करून ठेवले, वहीतून टाकीमागच्या बाईंचा नंबर काढला आणि फोन लावला.

"हॅलो, मी उशीवाली बोलतेय. तुमचे चाळीस रुपये आलेत माझ्याकडे... हो, परत देणार ना. बरं, मान कशी आहे आता?"

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी चहा टाकायला उठलो, आणि चहा झाल्यावर रात्रीच्या भाजीचंही चिरून ठेवलं.